विसण किती घालायचं?

मस्कतमध्ये पहिला उन्हाळा काढलेल्या प्रत्येकाला कुणीतरी जुना शेजारी एक युक्ती शिकवतो. मे महिना लागला की गीझर बंद करायचा आणि आंघोळीसाठी गार पाणी गरम पाण्याच्या नळातून घ्यायचं. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हाने तापून थेट गार नळाला येतं. बंद गीझरमधलं पाणी मात्र एसीच्या सावलीत निवलेलं असतं. दोन नळांची अशी अदलाबदल करून आम्ही चार-पाच महिने काढतो. दिवाळीपर्यंत टाकीतलं पाणी जरा माणसात येतं, गीझरचं बटण पुन्हा दाबलं जातं आणि नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून बादलीसमोर बसल्यावर आईचा आवाज आठवतो, "थांब रे, विसण घालू दे."

सव्वीस वर्षं मी इथे वातानुकूलनाच्या कामात आहे, म्हणजे तापमान हाच माझा धंदा. पण विसण किती घालायचं हा प्रश्न खरोखर किती गंभीर आहे, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं. मंडळाची हिवाळी सहल रुस्ताकला गेली होती, तेव्हा.

रुस्ताकचा ऐन अल कस्फा हा गरम झरा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. पाणी ४५ अंशांच्या आसपास, किंचित गंधकाचं. सांधेदुखीवर आणि त्वचेवर गुणकारी म्हणून लांबून लोक येतात. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा उन्हवऱ्याला जातात तसंच. साताऱ्याहून माझी ताई आणि भावोजी तेव्हा आमच्याकडे आले होते. भावोजींचं वय ७१, मधुमेह अठरा वर्षांचा. गुडघे दुखत होतेच. त्यांनी पायजमा वर केला, कडेला बसले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. माझ्या मुलीने पाय घातला आणि ओरडून लगेच बाहेर काढला. भावोजी हसले. "अरे, कुठं गरम आहे? चांगलं कोमट आहे की!"

आम्ही कौतुकच केलं. जुनी हाडं, कडकडीत पाण्याची सवय! ते चाळीस मिनिटं तसेच गप्पा मारत बसले. ताईने दोनदा हाक मारली, "अहो, पुरे आता." मी म्हटलं, "असू दे गं, बरं वाटतंय त्यांना." हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

घरी आल्यावर रात्री ताईला त्यांच्या सॅंडलमध्ये ओलं दिसलं. दोन्ही तळपायांना आणि उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढे फोड आले होते आणि त्यांतला एक फुटला होता. भावोजींना काहीच दुखत नव्हतं. दुखत नव्हतं, हाच तर आजार होता. बरीच वर्षं शुगर राहिली की पायांच्या टोकांकडचे मज्जातंतू बधिर होतात. चटका बसल्याची बातमी मेंदूपर्यंत पोचतच नाही. ज्या माणसाला ४५ अंशांचं पाणी कोमट वाटतं तो काटक नसतो, त्याच्या पायांना कळेनासं झालेलं असतं. त्या जखमा भरायला अडीच महिने लागले, परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं आणि एका आठवड्यात अंगठा राहतो की जातो अशीही चर्चा झाली. अंगठा राहिला.

मला छळत राहिला तो आकडा. ४५ अंश! आमच्या इमारतीच्या जिममधल्या सौनात भिंतीवरचा काटा ८५ दाखवतो आणि त्यात मी दहा मिनिटं बसून येतो. मग निम्म्या तापमानाने भाजलं कसं?

उत्तर स्वयंपाकघरात आहे. ओव्हनमध्ये नानकटाई भाजताना आत १८० अंश असतात. दार उघडून आपण हात आत घालतो आणि ट्रे काढतो. हवेने काही होत नाही, पण बोट ट्रेला लागलं की चटका बसतो. तापमान दोघांचं एकच. फरक इतकाच, की हवा आपली उष्णता हळूहळू देते आणि धातू झटकन देतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता पोचवतं. शिवाय सौनाची हवा कोरडी असते. अंगाला घाम येतो, तो उडतो आणि कातडी थंड ठेवतो. पाण्यात बुडालेल्या अंगाचा घाम उडणार कुठे? स्टीम रूममध्ये तर त्याहून उलटं होतं. तिथे हवेत वाफ ठासून भरलेली असते. घाम उडत नाही आणि वरून ती वाफ तुमच्या अंगावर पाणी होऊन आपली सुप्त उष्णता सोडते. इडलीपात्राचं झाकण काढताना हाताला बसतो तो फटका हाच.

म्हणून तीन जागांचे आकडे तीन. कोरड्या सौनात ७० ते ९० अंश चालतात. स्टीम रूममध्ये ४० ते ४५ हीच हद्द. आणि गळ्यापर्यंत बुडायच्या गरम टबात ४० च्या वर जायचंच नाही, तेही पंधरा मिनिटांच्या आत. बादलीतल्या आंघोळीला दोन-तीन अंश सूट मिळते, कारण तांब्यातलं पाणी अंगावरून निघून जातं आणि दोन तांब्यांमध्ये अंग हवेत असतं. लहान बाळाला मात्र ३७, आणि ते कोपराने बघायचं. आयाबाया कोपर बुडवून बघतात ते बरोबर आहे, कारण सतत कामात असलेला हाताचा पंजा राठ झालेला असतो आणि फसवतो.

दुसरी गोष्ट वेळेची. मोरिट्झ आणि हेन्रिकेस या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४७ साली कातडी किती अंशांना किती वेळात भाजते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६० अंशांच्या पाण्याला खोल भाजायला सुमारे पाच सेकंद पुरतात. ४४ अंशांना त्याच कामाला सहा तासांच्या आसपास लागतात. मधल्या प्रत्येक अंशाला वेळ झपाट्याने कमी होत जातो. पण हे झालं निरोगी कातडीचं, जिच्याखालून रक्त वाहत असतं आणि आलेली उष्णता वाहून नेत असतं. भावोजींच्या पायांतला रक्तप्रवाह मंद झालेला, कातडी पाण्यात भिजून मऊ पडलेली आणि पाय जरा हलवावा हे सांगणारी जाणीवच नाही. त्यांच्यासाठी सहा तासांचे चाळीस मिनिटं झाले. पायाला मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे अशा मधुमेह्याने गरम पाण्यात पाय सोडून बसूच नये. धुवायचे असतील तर पाणी ३७ अंशांपर्यंत, थर्मामीटर लावून किंवा दुसऱ्या कुणी हात घालून बघितलेलं, आणि पाच मिनिटांत पाय बाहेर काढून बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करायचे.

(जाता जाता धंद्यातली गोष्ट. गीझर ६० वर ठेवायला सांगतात ते खरं आहे, कारण साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात. पण मग नळाशी विसण घातल्याशिवाय त्या पाण्याखाली पोराला उभं करू नका.)

आता सौनाकडे येतो, कारण मंडळातली निम्मी तरुण मंडळी हल्ली तिथेच भेटतात. सौना मुळात फिनलंडचा. २०२० मध्ये युनेस्कोने तिथली सौना-संस्कृती वारशाच्या यादीत घेतली. पूर्व फिनलंडमधल्या २३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक मरण्याचं प्रमाण कमी दिसलं. त्यांच्या सौनाचं सरासरी तापमान होतं ७९ अंश. त्यावरून सौनामुळेच हृदय वाचलं असं सिद्ध होत नाही. रोज सौनात जाऊ शकणारा माणूस मुळात धडधाकट असतो हेही त्यात आलं. पण मला त्यातला ७९ हा आकडा लक्षात ठेवावासा वाटतो. फायदा दिसला तो शंभरच्या पुढे नव्हे.

पुढे काय होतं तेही फिनलंडनेच दाखवलं. हेइनोला या गावी सौनात जास्त वेळ कोण बसतो याची जागतिक स्पर्धा भरत असे. ऑगस्ट २०१० मध्ये अंतिम फेरी ११० अंशांवर चालू होती आणि दर अर्ध्या मिनिटाला तापल्या दगडांवर अर्धा लिटर पाणी ओतलं जात होतं. सहा मिनिटांच्या सुमारास दोघा स्पर्धकांना बाहेर काढावं लागलं. रशियन स्पर्धक व्लादिमिर लादिझेन्स्की वाचला नाही, फिनलंडचा तिमो काउकोनेन गंभीर भाजला. स्पर्धा कायमची बंद झाली. दोघेही सरावलेले होते. घात केला तो ११० अंश आणि पाणी यांनी मिळून. दगडांवर ओतलेला प्रत्येक डाव कोरड्या सौनाला स्टीम रूमकडे ढकलतो, म्हणजे घामाचं काम बंद पाडतो. जिममध्ये कुणी हौशी माणूस डावामागून डाव ओतायला लागला की काटा ८५ वरच असतो, पण अंगाला लागणारी उष्णता दुसरीच असते. तेव्हा उठून बाहेर यावं. भांडत बसू नये.

नवख्या माणसाने ७० ते ८० अंशांत, खालच्या बाकावर, पाच ते आठ मिनिटं बसावं. काटा डोक्याच्या उंचीवर लावलेला असतो आणि खालचा बाक त्याहून पंधरा-वीस अंशांनी सौम्य असतो. महिनाभराने दहा ते पंधरा मिनिटं. एका बैठकीत वीसच्या पुढे नाही. मग बाहेर दहा मिनिटं बसायचं आणि दोन ग्लास पाणी प्यायचं, कारण एका बैठकीत अर्धा लिटर घाम सहज जातो. गळ्यातली सोन्याची चेन, अंगठी, मंगळसूत्र बाहेर ठेवून जायचं. ट्रेची गोष्ट त्यांनाही लागू आहे. छातीत धडधड वाढली, मळमळलं, डोकं हलकं झालं, किंवा घाम थांबून अंगावर काटा आला, तर घड्याळात दोनच मिनिटं झालेली असली तरी उठायचं. आणि मद्य घेतलेलं असेल तर त्या दिवशी सौना नाही.

ओमानमध्ये याला एक जोड आहे. जून २०१८ मध्ये कुरियातला एका अख्ख्या दिवस-रात्रीत पारा ४२.६ च्या खाली उतरलाच नाही. तो जगातला विक्रम ठरला. अशा दिवसांत साइटवरून किंवा नुसता पार्किंगमधून जिममध्ये आलेला माणूस आधीच पाण्याला कमी आणि उष्णतेला जास्त झालेला असतो. फिनलंडचा माणूस बर्फातून सौनात येतो. आपण भट्टीतून येतो. उन्हाळ्यात मी आधी अर्धा तास थंडाव्यात बसतो आणि वेळ निम्मी करतो.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं भान सौनात नव्हे, सौनातून बाहेर पडल्यावर गेलं. पंधरा मिनिटं बसले, ताडकन उठले, दाराबाहेर दोन पावलांवर कोसळले आणि कपाळाला चार टाके पडले. उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त अंगभर पसरतं आणि उभं राहताच मेंदूला कमी पडतं. त्यातून ते रक्तदाबाची गोळी सकाळीच घेऊन आले होते. रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या हाच परिणाम वाढवतात. शेवटची दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं आणि बाक धरून उठायचं, एवढ्यानेही टाके वाचतात. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, चालताना छातीत दुखत असेल, ताप असेल किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दार उघडूच नये.

आता दुसरं टोक. भावोजींचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, अल खुवैरला राहतो. गेल्या जूनमध्ये त्याने हवा भरायचा टब आणला आणि फोन केला, "मामा, किती बर्फ लागेल?" हा प्रश्न माझ्या आवडीचा. टबात १५० लिटर पाणी, टाकीतून आलेलं, ३८ अंशांचं. ते १२ वर आणायचं म्हणजे २६ अंश उतरवायचं. दीडशे गुणिले सव्वीस, म्हणजे ३९०० किलोकॅलरी काढून टाकायच्या. एक किलो बर्फ वितळताना ८० घेतो आणि त्याचं पाणी शून्यावरून १२ वर चढताना आणखी १२, म्हणजे ९२. भागाकार केला की ४२ किलो. तीन किलोच्या चौदा पिशव्या. जानेवारीत तेच पाणी २२ अंशांचं येतं तेव्हा सोळा-सतरा किलोत भागतं. हिशोब ऐकून त्याला पाण्याआधीच गारठा भरला.

पण हौस मोठी. त्याने वीस पिशव्या ओतल्या. मी पोचलो तेव्हा तो सौनातून लाल होऊन आला होता आणि सरळ आत उतरायच्या बेतात होता. मी थर्मामीटर बुडवला आणि पाणी ढवळून वाचला. चार अंश. मी त्याला थांबवलं, पण पाणी उपसून साधं पाणी घालेपर्यंत धीर कुठला? त्याने गुडघ्यांपर्यंत पाय घातले, मग एकदम खाली बसला आणि त्याच्या तोंडातून जो हुंकार निघाला तो मी विसरणार नाही. त्याला श्वास बाहेर सोडताच येईना. मी बखोट धरून त्याला उठवलं.

थंड पाण्याचा पहिला धोका गारठण्याचा नसतो. तो पहिल्या अर्ध्या मिनिटातल्या त्या हबक्याचा असतो. पाणी १५ अंशांच्या खाली असलं की कातडी एकदम थंड झाल्याने माणूस आपोआप मोठा श्वास आत ओढतो, मग धापा टाकतो आणि नाडी व रक्तदाब उसळतात. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं. दोन-तीन मिनिटांत हे ओसरतं. चेहरा बुडवला की मात्र हृदय मंद करणारी दुसरी प्रतिक्रिया जागी होते. एक म्हणते धाव, दुसरी म्हणते थांब, आणि या ओढाताणीत हृदयाचे ठोके चुकू शकतात. म्हणून उडी नाही आणि डोकं खाली नाही. सौनातून थेट टबातही नाही, मध्ये दहा मिनिटं जाऊ द्यावीत. टबात बसून भस्त्रिका किंवा जोरजोराने श्वास तर अजिबात नको, त्याने पाण्यातच शुद्ध जाऊ शकते. श्वास सोडायचा तो लांब, हळू. आणि शेजारी कुणीतरी हवं.

आता भाच्याचं कोष्टक असं आहे. पहिला आठवडा १५ अंशांना एक मिनिट. पुढे १२ ते १५ अंशांत दोन-तीन मिनिटं. खेळाडू १० ते १५ अंशांत दहा-पंधरा मिनिटं बसतात, पण ते सरावलेले असतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारं कुणी असतं. १० च्या खाली जाऊन आपल्यासारख्याला जास्तीचं काही मिळत नाही, हबका मात्र पुरेपूर मिळतो. हबका ओसरल्यावर बरं वाटू लागतं, ते फसवं असतं. तेव्हा अंगठा करंगळीला लावून बघायचा. लागत नसेल तर हात गारठलेत आणि आणखी थांबलं तर टबाची कड धरून निघताही येणार नाही.

बाहेर आल्यावरही खेळ संपत नाही. हातापायांतलं थंड रक्त आत परततं आणि शरीराचं आतलं तापमान पुढची दहा-वीस मिनिटं उतरतच राहतं. अंग कोरडं करायचं, कपडे घालायचे, चहा घ्यायचा. लगेच कडक गरम शॉवरखाली उभं राहिलं तर रक्तवाहिन्या एकदम सैल होतात आणि वर सांगितलेले चार टाके इथेही मिळू शकतात.

याच बर्फाच्या टबाचा नियम एका प्रसंगी उलटा होतो, आणि साइटवर काम करणाऱ्यांनी तो माहीत करून घ्यावा. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम इथे बंद असतं. तरीही कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांडला, अंग तापून लालबुंद झालं, तर तो उष्माघात धरायचा. तेव्हा हबक्याची भीती बाळगायची नाही. ९९९९ ला फोन लावायचा आणि गाडीची वाट न बघता त्याला गळ्यापर्यंत थंड पाण्यात ठेवायचं, काखेतून धरून, डोकं वर. पाणी ढवळत राहायचं. तसं पाणी शरीर मिनिटाला साधारण ०.२ अंशाने उतरवतं, म्हणजे ४१ चा ३९ व्हायला दहाएक मिनिटं. तिथे थांबायचं. टब नसेल तर अंगावर पाणी ओतत राहायचं आणि पंखा लावायचा. आमच्या साइटवर उन्हाळ्यात एक रिकामा टब आणि बर्फाची पेटी आता कायम असते.

भावोजी यंदा पुन्हा मस्कतला आले आहेत. दिवाळीच्या आदल्या रात्री मी माझा कामाचा डिजिटल थर्मामीटर न्हाणीघरात नेऊन ठेवला. ताईने बादली भरली, दांडी बुडवली, आकडा वाचला. ४३. तिने विसणाचे तांब्यावर तांबे ओतले आणि ३८ झाल्यावर त्यांना हाक मारली. त्यांनी हात घातला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय, गार आहे की!"

"बसा," ताई म्हणाली आणि पहिला तांब्या खांद्यावर ओतला.